अर्ध्या वाक्याचे भाषांतर

यवतमाळहून एका वाचक गृहस्थांनी आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे घर मोठे. वडील, काका, भावजया, मुले-नातवंडे मिळून चौदा माणसांचा राबता. शहरापासून काही अंतरावर घरची शेती आहे आणि तीत मुख्यतः कपाशी. पुण्यास शिकून आलेला त्यांचा पुतण्या फवारणीविषयीचे इंग्रजी व्हिडिओ मोबाइलवर काढतो आणि आजोबांस व सालदारास दाखवितो. बोलणारा परदेशी, त्याचे उच्चार कोणास नीट कळत नाहीत. म्हणून चित्राखाली उमटणारी इंग्रजी सबटायटले वाचायची, कळेनासे झाले की चित्र थांबवायचे आणि समोर दिसतील तेवढ्या शब्दांचे मराठी करून सांगायचे, अशी त्याची रीत आहे. कधी तो स्वतः भाषांतर करतो, कधी दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून यंत्राकडून करवितो. दोन्ही प्रकारांत पुष्कळदा भलतेच काही निघते. तेव्हा दोष मुलाच्या इंग्रजीचा, की यंत्राच्या मराठीचा, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, बहुतेक वेळा दोष दोहोंचाही नसतो. थांबवलेल्या चित्रावर जे दिसते ते वाक्य नसून वाक्याचा तुकडा असतो, आणि तुकड्याचे भाषांतर वाक्य समजून केले म्हणजे अर्थ केवळ अपुरा राहतो असे नाही. तो उलटाही होतो. यवतमाळच्या वाचकांस ह्याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजणांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांस दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या आपत्तीचे खापर आम्ही भाषांतरावर फोडीत नाही. तिची कारणे निराळी होती. परंतु ज्या विषयात ‘करा’ आणि ‘करू नका’ ह्यांमध्ये जीवनमरणाचे अंतर आहे, त्या विषयातील वाक्य अर्धे वाचून चालत नाही, एवढे त्यावरून ध्यानी यावे.

प्रथम वाक्ये मुळात तुटतात का, ते पाहू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तेव्हा चित्रपट मुके होते. पात्रांचे म्हणणे किंवा कथेचा धागा सांगावयाचा असला की चालते चित्र बाजूस सारून अक्षरांची पाटी पडद्यावर येई. पाटीपुरते चित्र थांबलेलेच असल्यामुळे वाक्य पुरते लिहिता येई आणि सावकाश वाचणारासही ते संपविता येई. सबटायटलाची स्थिती ह्याच्या अगदी विरुद्ध आहे. येथे चित्र थांबत नाही आणि बोलणाराही थांबत नाही. त्याच्या तोंडातून शब्द निघत असतानाच ते खाली उमटावे लागतात, आणि चित्र झाकले जाऊ नये म्हणून त्यांस पडद्याची खालची अरुंद पट्टीच काय ती मिळते.

ह्या पट्टीचे नियम ठरलेले आहेत. एका वेळी फार तर दोन ओळी, आणि एका ओळीत जागा व विरामचिन्हे धरून सुमारे ४२ इंग्रजी अक्षरे, ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी पाळतात. वाचणाराचा वेग सेकंदास सतरा ते वीस अक्षरे धरतात. म्हणजे एक भरलेली ओळ वाचण्यास दोन-अडीच सेकंद लागतात, आणि तेवढाच वेळ ती पडद्यावर राहते. वाक्य लांब असले तर ते दोन-तीन तुकड्यांत विभागण्यावाचून गत्यंतरच नसते. तेव्हा वाक्य तोडणे हा गुन्हा नव्हे. ते कोठे तोडले, हा खरा प्रश्न आहे.

जाणकार माणूस सबटायटले लिहितो तेव्हा तो अर्थाच्या सांध्यावर वाक्य तोडतो, जसा कुशल स्वयंपाकी शेंगेचे तुकडे पेराशी करतो. यंत्राने केलेली किंवा घाईत लिहिलेली सबटायटले अक्षरे मोजून तुटतात: ओळ भरली की खाली उतरावयाचे, मग मागे काय राहिले ह्याचा विचार नाही. नमुन्यादाखल आम्ही एक वाक्य रचले आहे. विषारी औषध पोटात गेले असता काय करावे, ह्याविषयीचे ते आहे, आणि त्यातील सल्ला असल्या पत्रकांत नेहमी आढळणारा आहे. एका वेळी एकच ओळ दाखविणाऱ्या व्हिडिओत ते असे दिसेल:

```
31
00:03:12,400 --> 00:03:14,800
If the product has been swallowed, do not

32
00:03:14,800 --> 00:03:17,200
make the patient vomit unless the label or

33
00:03:17,200 --> 00:03:18,900
a doctor tells you to.
```

वरचा आकडा तुकड्याचा अनुक्रम दाखवितो, आणि त्याखालची ओळ तो कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत पडद्यावर राहतो ते सांगते. सबटायटलांची वेगळी फाइल असते तिची मांडणी अशीच असते. पहिल्या तुकड्यात ४१ अक्षरे आहेत, दुसऱ्यात बरोबर ४२. मोजणाराने मर्यादा काटेकोरपणे पाळली आहे. अर्थाचे मात्र वाटोळे केले आहे.

आता पुतण्याने ३१ व्या तुकड्यावर चित्र थांबविले असे समजा. ‘औषध गिळले गेले असल्यास करू नका’ एवढेच हाती येते. काय करू नका, ते ठाऊक नाही. हे भाषांतर लंगडे आहे खरे, पण ते लंगडे आहे हे ऐकणारास कळते; तो ‘पुढे काय?’ म्हणून विचारतो. खरा धोका ३२ व्या तुकड्यात आहे. तो स्वतंत्रपणे वाचला तर इंग्रजी व्याकरणाप्रमाणे सरळ आज्ञार्थ होतो: ‘रुग्णास उलटी करावयास लावा’. शेवटचे ‘अनलेस द लेबल ऑर’ हे शब्द लोंबकळत राहतात, आणि भाषांतर करणारा, मग तो मनुष्य असो वा यंत्र, त्यांस गाळून तरी टाकतो किंवा कसेबसे चिकटवून तरी देतो. ‘डू नॉट’ हे दोन शब्द मागच्या तुकड्यात राहून गेल्यामुळे निषेधाचा आदेश झाला. आणि हे भाषांतर ऐकणारास मुळीच लंगडे वाटत नाही. ते पुरते व सुबोध वाटते. जो तुकडा तुटका दिसतो त्याचे भय नाही. जो तुटलेला असून पुरता दिसतो, त्याचे भय बाळगावे.

हेच वाक्य अर्थाच्या सांध्यावर तोडले असते तर तीनच तुकडे झाले असते आणि ४२ अक्षरांची मर्यादाही मोडली नसती:

```
If the product has been swallowed,
do not make the patient vomit
unless the label or a doctor tells you to.
```

येथे मधल्या ओळीवर चित्र थांबविले तरी ‘उलटी करवू नका’ हा निषेध शाबूत राहतो. अपवाद पुढे येतो, पण तो कळला नाही तरी अनर्थ होत नाही. असे तुकडे पाडणारा लेखक भेटला तर पाहणाराचे नशीब. एरवी सांधा आपणच शोधला पाहिजे.

तो शोधण्याची रीत अशी. चित्र थांबविल्यावर भाषांतरास हात घालण्यापूर्वी तुकड्याचा आरंभ व शेवट तपासावा. आरंभीचे अक्षर लहान असेल तर वाक्य मागून आलेले आहे. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह नसेल तर ते पुढे जाणार आहे. शेवटी ‘नॉट’, ‘अनलेस’, ‘इफ’, ‘ऑर’, ‘टू’, ‘द’ ह्यांसारखा शब्द असेल तर शंकेस जागाच उरत नाही. हे शब्द आपल्यामागून येणाऱ्या शब्दांचा हात धरल्यावाचून उभे राहत नाहीत. तुकड्याअखेर तीन टिंबे नाहीत म्हणून वाक्य संपले, असे मात्र समजू नये. जुन्या सबटायटलांत चालू वाक्याची खूण म्हणून ती देत असत. हल्ली पुष्कळ कंपन्यांच्या नियमांत ती चालू वाक्यासाठी वर्ज्य असून बोलणारा मध्येच थबकला किंवा त्यास कोणी तोडले तरच वापरतात.

तुकडा अपुरा आहे असे ठरले की मागे जाऊन त्याआधीचा पूर्णविराम गाठावा, तेथून पुढच्या पूर्णविरामापर्यंतचे सर्व तुकडे कागदावर एकापुढे एक उतरून घ्यावेत, आणि मगच भाषांतर करावे. मागे जाताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. संगणकावर यूट्यूब थांबविले असता `,` आणि `.` ह्या कळांनी चित्र एकेक चौकट मागे-पुढे सरकते. परंतु चलच्चित्राच्या सेकंदास सुमारे २५ चौकटी असतात. आमचा ३२ वा तुकडा २.४ सेकंद टिकतो, म्हणजे ६० चौकटींवर तेच शब्द दिसत राहतील. एकेक चौकट मागे जाणारा कंटाळेल आणि मागचा तुकडा नाहीच असे समजून बसेल. डाव्या बाणाची कळ दाबली म्हणजे पाच सेकंद मागे जाता येते. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूस दोनदा टिचकी मारली की सामान्यतः दहा सेकंद. तेवढे मागे जाऊन चित्र चालू करावे आणि तुकडे येतील तसे टिपावेत, हे सोपे.

त्याहूनही सोपा मार्ग पुष्कळदा मोकळा असतो. यूट्यूबवरील व्हिडिओला अक्षररूप सबटायटले असतील तर त्याच्या वर्णनाच्या भागात `Show transcript` असे बटण सापडते. ते दाबले की सारे तुकडे वेळेसह एकाखाली एक वाचावयास मिळतात. मग चित्र थांबविण्याचा खटाटोपच नको. कॅमेरा समोर धरण्याची गरज फक्त तेथे, जेथे शब्द चित्रातच कायमचे छापलेले आहेत. तेथेही प्रत्येक तुकड्याचे वेगळे भाषांतर करवू नये. यंत्राकडून नुसती इंग्रजी अक्षरे उचलून घ्यावीत, ती ओळीने जोडावीत आणि जोडलेले वाक्य भाषांतरास द्यावे. कॅमेरा चित्रातील इतर पाट्या, औषधाच्या डब्यावरील नाव, कोपऱ्यातील वाहिनीचे चिन्ह हेही शब्द समजून उचलतो; जोडण्यापूर्वी ते निवडून काढावेत.

येथवर इंग्रजीची बाजू झाली. आता मराठीची. कोणी म्हणेल, तुकडे क्रमाने घेत गेले आणि प्रत्येकाचे मराठी करून ओळीने मांडले, तर शेवटी बेरीज तीच होईल ना? होत नाही, कारण दोन्ही भाषांत वाक्याची घडण उलट आहे. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच क्रियापद येते आणि नकार त्याच्याही आधी. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. इंग्रजी वाक्याचा पहिला तुकडा मराठीत पुष्कळदा शेवटी जावा लागतो. ज्याने तिसरा तुकडा पाहिलेलाच नाही, त्यास मराठी वाक्याचा आरंभच करता येत नाही.

दुसरी अडचण आपल्या कर्मणि प्रयोगाची. समजा, एका तुकड्यात एवढेच आहे की ‘शी हॅड केप्ट’, म्हणजे ‘तिने ठेवले होते’. पण ‘ठेवले’ की ‘ठेवली’ की ‘ठेवला’? भूतकाळात असले क्रियापद कर्त्याप्रमाणे नव्हे तर कर्माप्रमाणे चालते, हे आपण शाळेत शिकलो. आणि कर्म तर पुढच्या तुकड्यात आहे! तेथे औषधाची रिकामी बाटली निघाली तर ‘ठेवली होती’, डबा निघाला तर ‘ठेवला होता’, झाकण निघाले तर ‘ठेवले होते’. यंत्र अशा वेळी काहीतरी एक ठोकून देते, आणि बऱ्याच वेळा ते नपुंसकलिंगी असते. भाषांतरात क्रियापदाचे लिंग व नाम ह्यांचा मेळ बसत नसेल, तर वाक्य जोडण्यापूर्वीच कोणीतरी भाषांतर उरकले आहे, असे खुशाल समजावे. वडीलधाऱ्या माणसास इंग्रजीचे अक्षर येत नसले तरी ही खूण त्यांस कानाने ओळखता येते. घरातील आजी ‘बाटली ठेवले होते’ हे ऐकून हसल्या, तर पोराने त्या हसण्याचा मान राखून पुन्हा मागे जावे.

आता आमच्या नमुन्याचे पुरते मराठी करू. तिन्ही तुकडे जोडून सरळ भाषांतर असे होते: ‘औषध पोटात गेले असल्यास, डब्यावर तसे लिहिले असल्याखेरीज किंवा डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज, रुग्णास उलटी करवू नये.’ वाक्य शुद्ध आहे. समोर बसलेल्या माणसास एका दमात सांगावयाचे असेल तर पुरेसेही आहे. पण पुतण्या जर त्या व्हिडिओखाली मराठी ओळी लिहून तो गावातील मंडळींस पाठविणार असेल, तर हे वाक्य पुन्हा तीन तुकड्यांत तोडावे लागेल, आणि मग मराठीच्या स्वभावामुळे ‘नये’ हा कळीचा शब्द थेट तिसऱ्या तुकड्यात जाऊन पडेल. इंग्रजीत निषेध पहिल्या तुकड्यात अडकला होता. मराठीत तो शेवटल्यात अडकेल. पाहणाराने मध्येच चित्र थांबविले तर घोटाळा तोच.

म्हणून येथे वाक्याचे वाक्य करण्याचा आग्रह सोडावा आणि एका इंग्रजी वाक्याची दोन मराठी वाक्ये करावीत. पहिल्या तुकड्यात निषेध पुरता करून टाकावा: ‘औषध पोटात गेल्यास उलटी करवू नका.’ दुसऱ्यात व तिसऱ्यात अपवाद सांगावा: ‘डब्यावर तसे लिहिले असेल’, ‘किंवा डॉक्टर सांगतील, तरच करवा.’ पहिल्या तुकड्यानंतर पूर्णविराम आहे. तेथे थांबणारा सुरक्षित आहे. ज्यास अपवाद हवा त्याने पुढे वाचावे. दुसरा तुकडा अपुरा राहतो खरा, पण तो अपुरा आहे हे दिसते, आणि तिसऱ्यातील ‘तरच’ हा शब्द एकटा वाचला तरी काही अट मागे राहिली आहे, हे सुचवितो. भाषांतरकाराने शब्दांची रांग मोडली, पण कोणत्याही क्षणी चित्र थांबले तरी अनर्थ होऊ नये एवढी सोय केली. सूचनांच्या व्हिडिओत ही सोय शब्दनिष्ठेपेक्षा मोलाची समजावी.

ह्या साऱ्या रीतीस एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. पूर्णविराम गाठावयाचा तर तो लिहिलेला हवा. बोलणे ऐकून यंत्राने आपोआप केलेल्या सबटायटलांत विरामचिन्हे व मोठी अक्षरे पुष्कळदा नसतातच. शब्दांमागून शब्द येत राहतात. शिवाय त्यांत एकेक शब्द उमटत जातो आणि मागची ओळ वर सरकून काही काळ तशीच राहते, त्यामुळे थांबवलेल्या चित्रात खालची ओळ अर्धीच उमटलेली असू शकते, आणि लागोपाठ दोन चित्रे टिपली तर तीच ओळ दोनदा उतरून घेतली जाते. अशा ठिकाणी डोळ्यांपेक्षा कानांचा आधार घ्यावा. शब्द कळले नाहीत तरी वाक्य संपताना बोलणाराचा स्वर उतरतो आणि तो क्षणभर श्वास घेतो. ते ऐकून कागदावर रेघ मारावी. मात्र यंत्राने मुळातच शब्द चुकीचा ऐकला असेल, ‘कान्ट’च्या जागी ‘कॅन’ लिहिले असेल, तर तुकडे कितीही नीट जोडले तरी सत्य हाती लागावयाचे नाही.

म्हणून औषधाचे प्रमाण, दोन फवारण्यांमधील अंतर आणि विषबाधेवरील उपचार ह्या गोष्टींपुरता आमचा आग्रह असा की, व्हिडिओवरून जे मराठी निघेल ते औषधाच्या डब्यासोबतच्या पत्रकाशी ताडून पाहावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ते पत्रक इंग्रजी व हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही छापावे लागते. अक्षरे मुंगीएवढी असतात. चष्मा अपुरा पडला तर त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने ती मोठी करून वाचावीत. दोहोंत विरोध दिसला तर पत्रक खरे मानावे आणि व्हिडिओतील वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून जोडून पाहावे. दहांतून नऊ वेळा मागचा एखादा ‘नॉट’ सुटलेला सापडेल.

पत्रकर्त्या गृहस्थांस शेवटी एवढेच सुचवितो की, पुतण्याने वाक्य सांगून झाल्यावर सालदारास ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘आता तुम्ही काय कराल, ते सांगा,’ असे विचारावे. भाषांतर पुरते झाले की अर्धे, ते त्याच्या उत्तरावरून तत्काळ कळेल.